दारू सोडवणाऱ्या गोळ्या: कोणाला कोणती आणि का

बाईंनी प्लास्टिकची पिशवी टेबलावर रिकामी केली. रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफीचं पाकीट, दवाखान्यातून सोडतानाचा कागद आणि सगळ्यात खाली गोळ्यांची एक अर्धी रिकामी पट्टी. "ही ह्यांची पाठीची गोळी. सकाळी एक, रात्री एक. मेडिकलमधून आणतात. तिचं काही नाही ना, डॉक्टर?"

मी तोपर्यंत कागदावर नाल्ट्रेक्सोन लिहायला घेतलं होतं. पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचली: पॅरासिटामॉल आणि ट्रॅमॅडॉल. पेन खाली ठेवलं आणि कागद बदलला.

मी मनोविकारतज्ज्ञ आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत दारूचे रुग्ण बरेच असतात. बहुतेक घरांचा पहिला प्रश्न एकच असतो: "दारू सुटायची सगळ्यात जबरी गोळी कोणती?" अशी गोळी नाही. जी औषधं आहेत त्यांचं बळ थोड्याफार फरकाने सारखंच आहे. कोणाला कोणती द्यायची हे त्या माणसाचं यकृत, मूत्रपिंड, वजन, तो घेत असलेली इतर औषधं, त्याची तलफ कशी आहे आणि घरात गोळी हातात देणारं कोण आहे, यावर ठरतं. हे कसं ठरतं ते या एका रुग्णाच्या निमित्ताने सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय ४६, कारखान्यात फिटर, वजन ५४ किलो. चौदा वर्षं रोज देशीच्या दोन-तीन क्वार्टर. सकाळी हात थरथरायचे, ते थांबवण्यासाठी अर्धी क्वार्टर घेऊनच कामावर जायचे. माझ्याकडे आले तेव्हा दारू बंद होऊन आठ दिवस झाले होते, आणि ती रुग्णालयात दाखल होऊन बंद झाली होती. हा पहिला टप्पा वेगळा असतो, त्याची गल्लत करू नये. रोज पिणाऱ्याने एकदम थांबवलं की सहा-आठ तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होऊन भिंतीवर किडे दिसायला लागतात. या शेवटच्या अवस्थेत जीव जाऊ शकतो. म्हणून ते दिवस क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम यांसारख्या औषधांच्या आणि बी-१ जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांच्या आधाराने काढायचे असतात. ज्या दोन गोळ्यांबद्दल मी लिहितोय त्या या टप्प्यासाठी नाहीत. त्यांचं काम पुढच्या महिन्यांचं आहे, कारण दारू उतरली तरी तलफ उतरत नाही.

तलफेला दोन बाजू असतात, असं मला रुग्णांकडून शिकायला मिळालं. एक जण सांगतो, "पहिला पेग घशाखाली उतरला की बरं वाटतं, आणि मग हात थांबत नाही." दुसरा सांगतो, "मजा कधीच संपली डॉक्टर, न घेतली तर रात्र जात नाही म्हणून घेतो." पहिल्याला दारू काहीतरी देते. दुसऱ्याच्या बाबतीत ती आधी घेतलेलं थोडंसं परत करते.

नाल्ट्रेक्सोन पहिल्या बाजूवर चालतं. दारू पोटात गेली की मेंदूत एंडॉर्फिन नावाची द्रव्यं सुटतात. ही शरीराची स्वतःची अफूच म्हणायची. ती ज्या जागांवर बसून बरं वाटायला लावतात त्या जागा नाल्ट्रेक्सोन आधीच अडवून ठेवतं. दारू चढते, तोल जातो, पण त्यातला गोडवा कमी होतो, आणि पुढच्या ग्लासाकडे हात पूर्वीइतक्या ओढीने जात नाही. हे औषध मुळात अफू-हेरॉइनच्या व्यसनासाठी आलं. अमेरिकेत १९८४ साली त्याला त्या कामासाठी मान्यता मिळाली आणि दारूसाठी १९९४ मध्ये. रोज ५० मिलिग्रॅमची एक गोळी घ्यायची. सुरुवात बहुधा अर्ध्या गोळीने करतात, कारण पहिल्या काही दिवसांत मळमळ होते आणि डोकं दुखतं.

अकॅम्प्रोसेट दुसऱ्या बाजूचं. दारू मेंदूला शांत करते. वर्षानुवर्षं रोज कोणी असं शांत करत राहिलं, तर मेंदू स्वतःची खळबळ वाढवून तोल सांभाळतो. मग एके दिवशी दारू थांबते, पण वाढवलेली खळबळ तशीच राहते. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, चिडचिड होते, आणि हे आठवडेच्या आठवडे, कधी कित्येक महिने चालतं. पुन्हा पिणाऱ्यांतले कितीतरी जण या काळात पितात. ही खळबळ अकॅम्प्रोसेट निववतं असं मानलं जातं. ते नेमकं कसं, यावर संशोधकांत अजून एकमत नाही. फ्रान्समध्ये ते १९८९ पासून वापरात आहे, अमेरिकेत २००४ पासून. त्याची अडचण सरळ आहे. गोळी ३३३ मिलिग्रॅमची, आणि भरल्या अंगाच्या माणसाला दिवसातून तीन वेळा दोन-दोन घ्याव्या लागतात. रोजच्या सहा गोळ्या. शरीरात त्याची पातळी स्थिरावायला पाचेक दिवस जातात, म्हणून पहिल्याच दिवशी फरक शोधू नये.

या दोन्ही गोळ्यांनी नशा होत नाही, त्यांची सवय लागत नाही, आणि त्या घेऊन वर दारू प्यायल्यास उलट्या होऊन माणूस आडवा पडत नाही. तसं करणारी गोळी तिसरीच. तिच्याकडे पुढे येतो.

आता परिणाम किती, ते स्पष्ट सांगायला हवं. शंभराहून अधिक चाचण्यांचा एकत्र आढावा २०२३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यातून निघालेला हिशोब असा: अकरा जणांना अकॅम्प्रोसेट दिलं, तर नुसत्या साखरेच्या गोळीच्या तुलनेत एक जण जास्त दारूपासून पूर्ण लांब राहतो. नाल्ट्रेक्सोनच्या बाबतीत असा एक जास्त माणूस मिळायला अठरा जणांना गोळी द्यावी लागते. पण बेसुमार पिण्याकडे परत जाणं टळलं का, एवढंच मोजलं तर नाल्ट्रेक्सोनचाही आकडा अकरावर येतो. हे वाचून कोणी म्हणेल, अकरातला एकच? रक्तदाबाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी एक हार्ट अॅटॅक टाळायला याहून कितीतरी जास्त माणसांना त्या वर्षानुवर्षं द्याव्या लागतात, आणि त्या देताना आपण कचरत नाही. दारूची गोळी मात्र लोक एका महिन्यात निकालात काढतात.

याच आकड्यांतून निवडीचं पहिलं सूत्र मिळतं. दारू थांबलेली आहे आणि ती पूर्ण थांबलेलीच ठेवायची आहे, तर अकॅम्प्रोसेटकडे कल. अजून पिणं चालू आहे, किंवा माणूस म्हणतो "बंद जमणार नाही, कमी करतो", तर नाल्ट्रेक्सोन. ते पिणं चालू असतानाही सुरू करता येतं. अमेरिकेत २००६ मध्ये १३८३ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत नाल्ट्रेक्सोन उपयोगी ठरलं आणि अकॅम्प्रोसेट साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, तेव्हा युरोपातले डॉक्टर चक्रावले, कारण त्यांच्याकडे त्याचे निकाल चांगले होते. एक पटण्यासारखं स्पष्टीकरण असं दिलं जातं की युरोपातले रुग्ण बहुधा रुग्णालयात दारू नीट उतरवून, अधिक दिवस कोरडे राहून चाचणीत आले होते. अकॅम्प्रोसेटला कोरडी जमीन लागते.

पण हे सूत्र वापरण्याआधी रिपोर्ट वाचायचे असतात, आणि तिथे निवड बरेचदा आपोआप होऊन जाते.

आमच्या फिटरांचे रिपोर्ट पाहू. एसजीओटी १४८, एसजीपीटी ७२. वरची मर्यादा साधारण ४०. पहिला आकडा दुसऱ्याच्या दुप्पट असणं ही दारूने सुजलेल्या यकृताची ठरलेली खूण आहे. बिलिरुबिन १.४, म्हणजे किंचित वर. सोनोग्राफीत यकृतावर चरबी, पण पोटात पाणी नाही आणि यकृत आकसलेलं नाही. नाल्ट्रेक्सोन यकृतातून जातं. आकडे तिप्पट ते पाचपट वाढलेले असले तर हात आखडता घ्यावा, आणि कावीळ भरात असेल किंवा यकृत निकामी होत असेल तर ते देऊच नये. हे गृहस्थ काठावर होते. दर काही आठवड्यांनी तपासणी करून देता आलं असतं, म्हणूनच मी ते लिहायला घेतलं होतं.

तेवढ्यात पिशवीतून ती पट्टी निघाली. ट्रॅमॅडॉल हे अफूच्या कुळातलं वेदनाशामक आहे. ते ज्या जागांवर बसतं, त्याच जागा नाल्ट्रेक्सोन बळकावतं. रोज ट्रॅमॅडॉल घेणाऱ्याला नाल्ट्रेक्सोन दिलं की ते ट्रॅमॅडॉलला एका झटक्यात बाहेर ढकलतं, आणि तासाभरात घाम, उलट्या, पोटात पिळा, अंगात कळा, जीव नकोसा होण्याइतकी अस्वस्थता सुरू होते. त्यात फिट येण्याचा धोका ट्रॅमॅडॉल एकटंही वाढवतं, आणि नुकतीच दारू थांबलेल्या माणसात तो धोका आधीच असतो. नाल्ट्रेक्सोन द्यायचं तर अशी औषधं निदान सात ते दहा दिवस बंद असायला हवीत. खोकल्याचं कोडीनवालं औषधही याच यादीत येतं. हे विचारल्याशिवाय कळत नाही. रुग्ण सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ती साधी पाठीची गोळी असते.

उलट बाजूही आहेच. नाल्ट्रेक्सोन चालू असताना हाड मोडलं किंवा ऑपरेशन करायची वेळ आली, तर तिथली मॉर्फिनसारखी वेदनाशामकं नीट लागू पडत नाहीत. म्हणून मी प्रत्येकाला 'मी नाल्ट्रेक्सोन घेतो' असं लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवायला सांगतो. ठरलेलं ऑपरेशन असेल, तर गोळी काही दिवस आधीच थांबवावी लागते.

मग अकॅम्प्रोसेट. यकृताशी त्याचं काही देणंघेणं नाही. ते आहे तसंच लघवीवाटे बाहेर पडतं. म्हणजे आता मूत्रपिंडं पाहायची. क्रिएटिनिन १.१. हा आकडा एकटा फसवतो, त्याला वय आणि वजनाशी जोडावं लागतं. १४० मधून वय वजा करायचं, ९४. त्याला वजनाने गुणायचं, ५०७६. आणि ७२ गुणिले १.१ म्हणजे ७९.२ ने भागायचं. उत्तर आलं ६४. मूत्रपिंडं मिनिटाला सुमारे ६४ मिलिलिटर रक्त साफ करताहेत. हा आकडा पन्नासच्या वर असला तर पूर्ण मात्रा देता येते, तीस ते पन्नासमध्ये ती निम्मी करायची, तिसाच्या खाली द्यायचंच नाही. जुन्या मधुमेह्यांत आणि म्हाताऱ्या माणसांत हा हिशोब न करता सहा गोळ्या लिहिणं चूक आहे.

वजन ६० किलोच्या खाली होतं, म्हणून सहाऐवजी चार गोळ्या लिहिल्या: सकाळी दोन, दुपारी एक, रात्री एक. ट्रॅमॅडॉल हळूहळू बंद करायला सांगितलं, पाठीसाठी हाडांच्या डॉक्टरांकडे आणि व्यायामाला धाडलं. पहिला आठवडा जुलाब झाले. ते या औषधाने होतात आणि बहुतेकांचे आपोआप थांबतात. तिसऱ्या आठवड्यात बाई म्हणाल्या, "आता रात्री उठून अंगणात फेऱ्या मारत नाहीत." माझ्या दृष्टीने औषध लागू पडत असल्याची खूण तीच होती.

सातव्या आठवड्यात गावच्या जत्रेत ते प्यायले. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी दोघं आले तेव्हा गोळ्याही बंद केलेल्या होत्या, कारण "प्यायल्यावर गोळी घेऊन उपयोग काय?" हा गैरसमज फार घरांत आहे. एकदा प्यायलं गेलं तरी अकॅम्प्रोसेट चालूच ठेवायचं असतं. पट्ट्या मोजल्या तर आणखी एक गोष्ट समजली: दुपारच्या बऱ्याच गोळ्या शिल्लक होत्या. कारखान्यात डब्यासोबत गोळी काढली की सोबतचे विचारतात कसली, म्हणून ते घेतच नव्हते. रोज तीन वेळा लागणारं औषध हा माणूस दोनच वेळा घेत होता.

इथे निवड पुन्हा करावी लागली. ट्रॅमॅडॉल बंद होऊन महिना झाला होता. यकृताची तपासणी पुन्हा केली; एसजीओटी ५८ वर आलेलं. आणि जत्रेची हकिगत ऐकताना आणखी एक धागा मिळाला. ते म्हणाले, "एकच घेणार होतो. पहिला घोट लागला आणि मग काही सुधरलं नाही." ही तलफेची पहिली बाजू. नाल्ट्रेक्सोनचं दार आता उघडं होतं. अर्धी गोळी चार दिवस, मग पूर्ण, सकाळच्या चहाबरोबर, बाईंच्या हातून. बोलण्यावरून औषध निवडण्याला पुरावा तितका भक्कम नाही, हे मी मान्य करतो. पण यकृत, मूत्रपिंड आणि इतर औषधं यांनी दोन्ही दारं उघडी ठेवली असतील, तेव्हा रुग्णाच्या शब्दांवर आणि त्याच्या दिनक्रमावर मी भर देतो. पुढे वर्षभर ते औषध चाललं. त्यात दोनदा पाय घसरला, दोन्ही वेळा एका संध्याकाळपुरता.

'बाईंच्या हातून' हे मी उगीच लिहिलेलं नाही. तिसरी गोळी, डायसल्फिराम, तर त्यावरच उभी आहे. १९४८ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी तिचा हा उपयोग जगापुढे मांडला. ती दारू पचवण्याची वाट अर्ध्यावर अडवते; मधलं विषारी द्रव्य साठतं, तोंड लालबुंद होतं, हृदय धडधडतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. तलफ ती कमी करत नाही, भीती घालते. मुंबईत अॅलन आणि अविनाश डिसूझा या मनोविकारतज्ज्ञांनी २००४ मध्ये शंभर पुरुषांवरचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध केला. डायसल्फिराम घेणाऱ्यांतले ८६ टक्के, तर नाल्ट्रेक्सोनवाल्यांतले ४४ टक्के दारूपासून लांब राहिले होते. तलफ मात्र नाल्ट्रेक्सोनवाल्यांना कमी होती. डायसल्फिराम उघड जिंकलं, पण त्या प्रत्येक पुरुषाच्या घरी औषध देण्यावर लक्ष ठेवणारं माणूस होतं, आणि आपण कोणती गोळी घेतोय हे प्रत्येकाला माहीत होतं. भीतीवर चालणारं औषध माहीत असल्याशिवाय चालतच नाही. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या हातात हेच औषध दिलं, तर तो गोळी सोडून देतो आणि दोन आठवडे थांबून पितो. हृदयरोग असेल, मनाचा गंभीर आजार असेल किंवा यकृत बिघडलेलं असेल, तर ते द्यायचंच नाही. आणि यकृत आकसून गेलेलं असेल, म्हणजे सिऱ्होसिस असेल, तर डायसल्फिराम आणि नाल्ट्रेक्सोन दोन्ही बाजूला ठेवून, मूत्रपिंडं ठीक असल्यास अकॅम्प्रोसेट किंवा मग बॅक्लोफेन वापरतात.

याच डायसल्फिरामची पूड करून भाजीत, चहात गुपचूप मिसळण्याचा प्रकार आपल्याकडे चालतो. 'न सांगता दारू सोडवा' हे भिंतींवर रंगवलेलं आपण सगळ्यांनी वाचलं आहे. त्या पुड्यांत काय असतं ते कोणी लिहून देत नाही. आयांनी, बायकांनी काकुळतीला येऊन माझ्याकडेही ते मागितलं आहे. त्यांचा त्रास मला कळतो, तरी मी नकार देतो. ज्याला पोटात काय गेलंय हे ठाऊक नाही, तो नेहमीसारख्या दोन क्वार्टर पिणार, आणि त्या संध्याकाळी त्याचा रक्तदाब कोसळला तर गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही कारण कळणार नाही.

म्हणून दारूच्या उपचारासाठी कोणाला घेऊन जाणार असाल, तर घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, अर्ध्या रिकाम्यासुद्धा, एका पिशवीत भरा. खोकल्याची बाटली, पाठीची गोळी, मेडिकलमधून आणलेली झोपेची गोळी, वैद्यांची पुडी, सगळं. यकृताचा आणि क्रिएटिनिनचा रिपोर्ट असला तर तो ठेवा, आणि वजन काट्यावर बघून या. आणि डॉक्टरांनी त्या पिशवीत डोकावून न पाहताच गोळी लिहिली, तर ती पिशवी त्यांच्या टेबलावर रिकामी करा.